रेफरन्स मागताना एक दिवस आधीचा मेसेज

उमेदवार शॉर्टलिस्ट झाला की आपण लगेच 'दोन रेफरन्स द्या' म्हणतो. तो घाईत नंबर देतो, आपण फोन लावतो आणि पलीकडचा माणूस विचारतो, "कोण बोलताय? मला तर काही माहीत नाही." मग तो मोजकंच बोलतो, किंवा बोलतच नाही.

बुटीबोरीतल्या एका कारखान्यासाठी स्टोअर इन्चार्ज शोधताना मी असाच फोन उमेदवाराच्या सध्याच्या साहेबांनाच लावला होता. संध्याकाळी त्याचा फोन आला, "मॅडम, मी अजून राजीनामा दिला नाही जी."

तेव्हापासून शेवटची मुलाखत झाल्यावरच, ऑफरच्या आधी, हा मेसेज पाठवते:

"तुमची निवड अंतिम टप्प्यात आहे. आधीच्या नोकरीत ज्यांच्या हाताखाली काम केलं अशा दोघांना आज विचारून घ्या. ते हो म्हणाले तरच नाव, हुद्दा, नंबर आणि फोनची सोयीची वेळ उद्या संध्याकाळपर्यंत कळवा. मी गुरुवारी किंवा शुक्रवारी फोन करीन; कामाची पद्धत, हजेरी आणि सोडण्याचं कारण एवढंच विचारीन."

काय विचारणार हे लिहिलं की उमेदवार तेच पुढे सांगतो आणि समोरचा तयारीत असतो. फोन उचलल्यावरही मी आधी विचारते, "त्यांनी तुम्हाला कल्पना दिली आहे ना?" नाही म्हणाले, तर तिथेच थांबते.

चालू कंपनीत मात्र उमेदवाराने लेखी हो म्हटल्याशिवाय फोन नको. बहुतेकदा ते राजीनाम्यानंतरच जमतं.