केबलवाल्याला फोन करायच्या आधी: कॅप्चा संपतच नसेल तर काय काय जमवून ठेवायचं

आमच्या वहिनी जुळे सोलापुरात राहतात, घरून चादरी आणि टॉवेल ऑनलाइन विकतात. मागच्या महिन्यात विक्रीची साइट उघडली की कॅप्चा, सोडवला की दुसरा, मग तिसरा, ट्रॅफिक सिग्नल आणि मोटारसायकली शोधून शोधून डोळे दुखले आणि शेवटी थेट Access denied. ऑर्डरी तशाच पडून. त्यांनी केबलवाल्याला फोन केला, तो म्हणाला स्पीड तर बरोबर आहे वहिनी, साइटचाच प्रॉब्लेम असेल, आणि साइटवाले म्हणाले तुमच्या नेटचा प्रॉब्लेम आहे. दोघंही खोटं बोलत नव्हते, फक्त हातात पुरावा काहीच नव्हता. म्हणून फोन करायच्या आधी काय काय गोळा करून ठेवायचं ते सगळं लिहितोय.

सगळ्यात आधी बिघाड लॅपटॉपात आहे का लाइनीत ते ठरवा. तोच लॅपटॉप, तोच ब्राउझर, फक्त वायफाय सोडून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टाका आणि तीच साइट उघडा. मग उलटं करा, घरातला दुसरा एखादा फोन मोबाइल डेटा बंद करून वायफायवर घ्या आणि तिथून उघडा. हॉटस्पॉटवर साइट सरळ उघडली आणि वायफायवर दोन्ही मशीन अडकली तर लाइनीकडे बघायचं. एकच मशीन सगळीकडे अडकत असेल तर मग आधी त्याचं घड्याळ बरोबर आहे का, कुकी बंद केल्यात का, कुठलं फुकट व्हीपीएनचं एक्स्टेन्शन बसलंय का ते बघा, पुढचं काही वाचायची गरज नाही. आणि हे करताना पानं सारखी रिफ्रेश करू नका, साइटला ते मशीनने मारलेले धक्के वाटतात आणि दार अजून घट्ट होतं.

आता पत्ते, म्हणजे आयपी नंबर. राउटरच्या पानावर जा, बहुतेक 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 असतं, तिथे WAN IP लिहिलेला असतो तो कागदावर उतरवून घ्या. मग संगणकावर कमांड प्रॉम्प्ट किंवा टर्मिनलमध्ये हे चालवा, बाहेरच्या जगाला तुमचा कुठला पत्ता दिसतो ते कळतं:

```
curl -4 https://www.cloudflare.com/cdn-cgi/trace
```

ब्राउझरमध्ये तीच लिंक टाकली तरी चालतं, फक्त तिथे आयपीव्ही६चा, म्हणजे नव्या प्रकारचा लांब पत्ता दिसू शकतो. उत्तरात ip= असं लिहिलेली ओळ बघायची. वहिनींच्या राउटरवर 100.72 ने सुरू होणारा नंबर होता आणि बाहेर 203.0.113.45 (हा नंबर मी उदाहरणासाठी बदललाय). दोन्ही वेगळे, आणि 100.64 ते 100.127 मधला नंबर म्हणजे तो पट्टाच कंपनीच्या आतल्या वाटणीसाठी राखून ठेवलेला आहे. याला सीजीनॅट म्हणतात. आयपीव्ही४चे पत्ते जगात मिळून सुमारे 430 कोटीच, त्यामुळे छोटे केबलवाले बरीच घरं एकाच पत्त्यामागे बसवतात. जुन्या वाड्यासारखं आहे बघा, आत वीस बिऱ्हाडं आणि रस्त्यावर दार एकच, एका बिऱ्हाडाने दुकानदाराची उधारी बुडवली की तो वाड्याचं नाव ऐकूनच सगळ्यांना नाही म्हणतो. साइटला आतली बिऱ्हाडं दिसतच नाहीत, तिला फक्त दार दिसतं. दोन्ही नंबर सारखेच आले तर वाटणी नाही, पण तो पत्ता आधी दुसऱ्या कुणाकडे असू शकतो, तेव्हा राउटर रात्रभर बंद ठेवून सकाळी नंबर बदलला का ते बघा.

मग त्या दाराचं नाव किती खराब झालंय ते शोधा. बाहेरचा नंबर check.spamhaus.org वर आणि abuseipdb.com वर टाका. इथे बरेच लोक घाबरतात, कारण स्पॅमहाऊसवर PBL असं दिसतं. ते घरगुती लाइनींना धोरण म्हणूनच लावलेलं असतं, थेट मेल सर्व्हर चालवू नका एवढाच त्याचा अर्थ, त्यामुळे कॅप्चाचा दोष त्यावर टाकू नका. XBL दिसलं तर मात्र त्या पत्त्यामागे कुठलं तरी मशीन बाधित आहे किंवा कुणाच्या तरी हातात गेलंय अशी खूण आहे.

अब्यूजआयपीडीबीवर कुणी कधी तक्रार केली त्याच्या वेळा असतात, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा पुरावा हाच. त्या वेळा यूटीसीत असतात म्हणून त्यात साडेपाच तास मिळवायचे. वहिनींच्या पत्त्यावर लॉगिनचे पासवर्ड आपटून बघितल्याच्या तक्रारी होत्या, यूटीसी 6:40 ची एक, म्हणजे आपल्याकडे दुपारी 12:10. त्या दिवशी सगळे अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला गेले होते आणि जाताना मेन स्विच बंद करून गेले होते! राउटरच बंद, मग ते आपटणं वहिनींच्या घरातलं नव्हतंच. सीजीनॅटमागे असाल तर असा एखादा दिवस नक्की शोधून ठेवा.

असा दिवस सापडत नसेल तर घरावर शंका घ्या, प्रामाणिकपणे. फुकट चॅनल दाखवणारा स्वस्तातला अँड्रॉइड टीव्ही बॉक्स, फुकट व्हीपीएनचं अ‍ॅप, पायरेटेड सॉफ्टवेअर, यातले काही तुमची लाइन गुपचूप दुसऱ्यांना वापरायला देतात, तुमच्या पत्त्यावरून तिसराच माणूस भटकत असतो. तो बॉक्स दोन-तीन दिवस प्लगमधून काढून ठेवा, नव्या तक्रारी थांबल्या का बघा. पण सीजीनॅटमध्ये तक्रारी थांबल्या नाहीत तरी तुमचं घर निर्दोष आहे हे सिद्ध होत नाही, तुमच्या बॉक्सबरोबर शेजारच्या बिऱ्हाडाचाही गोंधळ असू शकतो.

अडकलेल्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, तारीख आणि सेकंदासकट वेळ दिसेल असा. पान साइटची राखण करणाऱ्या क्लाउडफ्लेअरचं असेल तर खाली Ray ID असतो तो टाइप करून ठेवा, साइटवाल्याला त्यावरून नेमका कुठला नियम लागला ते सापडतं. आकडाही बघा, 1006 म्हणजे पत्ताच बंद केलाय, 1015 म्हणजे फार भराभर विनंत्या गेल्या, 1020 म्हणजे साइटवाल्याने लावलेल्या एखाद्या नियमात तुम्ही बसलात. 1020 असेल तर केबलवाल्याला बोलून उपयोग कमी, साइटवालाच तो नियम सैल करू शकतो.

राउटरमध्ये आयपीव्ही६ बंद असेल तर चालू करून बघा, केबलवाला देत असेल तर घराला आपली वेगळी पत्त्यांची पट्टी मिळते, वाड्याचं दार मध्ये येत नाही. साइटही आयपीव्ही६वर असली पाहिजे, नाहीतर गाडी पुन्हा त्याच दारातून जाते. वहिनींच्या लाइनीवर ते मिळालं नाही.

आता फोन. "नेट चालत नाही" म्हणू नका, स्पीडच तपासतील. वहिनींनी सांगितलं, "दादा, मी सीजीनॅटमागे आहे, बाहेरचा पत्ता हा, त्यावर या तारखेच्या तक्रारी आहेत, त्या वेळी माझा राउटर बंद होता, मला पत्त्यांच्या दुसऱ्या गटात, दुसऱ्या पूलमध्ये टाका, नाहीतर स्टॅटिक आयपीचे पैसे सांगा." समोरचा मुलगा जरा गप्प झाला, मग संध्याकाळी पूल बदलून दिला, राउटर बंद-चालू केल्यावर बाहेरचा नंबर वेगळा आला आणि साइट एका कॅप्चावर उघडली. स्टॅटिक म्हणजे न बदलणारा पत्ता घ्यायची वेळ आली असती तर पैसे भरायच्या आधी तो नंबरही त्याच दोन ठिकाणी तपासायला सांगितला होता, कारण तोही आधी कुणीतरी वापरलेलाच असतो.