व्हिडिओ कॉलच्या मध्येच ‘स्टोरेज फुल’ आलं तर काय करावं: आप्पांच्या फोनची गोष्ट

आमच्या शेजारचे आप्पा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. वय 74. मुलाने दिवाळीत येऊन त्यांना पहिला स्मार्टफोन घेऊन दिला, 32 जीबीचा. नातू जर्मनीत असतो, वय सहा. दर रविवारी संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल येतो, आणि आप्पा त्याआधी दाढी करून, टोपी घालून ओट्यावर बसलेले असतात.

त्या रविवारी नातू पडलेला दात दाखवत होता. तेवढ्यात स्क्रीनच्या वरच्या बाजूला पट्टी आली: ‘Storage space running out’. आप्पांना इंग्रजी अडखळत वाचता येतं. ‘स्टोरेज’ आणि ‘आउट’ एवढं त्यांना कळलं. त्यांनी घाईघाईने कॉल कापला आणि फोन हातात धरून आमच्याकडे आले.

“आरं, पोरगं फोनमध्ये मावंना आता. बोललं की भरतंय.”

त्यांच्यासारखा समज अनेकांचा असतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

कॉल चालू असेल तर तो कापू नका

व्हिडिओ कॉल फोनमध्ये साठत नाही. नातवाचं चित्र इंटरनेटवरून येतं, पडद्यावर दिसतं आणि जातं. तासभर बोललात तर नेट खर्च होईल, पण फोनच्या जागेत कॉलमुळे भर पडत नाही. मग पट्टी नेमकी तेव्हाच का आली? कारण त्याच वेळी मागे दुसरं काहीतरी उतरत होतं. आप्पांच्या भावकीच्या ग्रुपवर कुणीतरी लग्नाचे सात-आठ व्हिडिओ टाकले होते आणि घरच्या वायफायवर ते न विचारता डाउनलोड होत होते. मोकळी जागा अगदी थोडी, साधारण अर्ध्या जीबीच्या आसपास उरली की अँड्रॉइड इशारा देतो.

तेव्हा पट्टी बोटाने बाजूला सारा आणि बोलणं पूर्ण करा. फोन फारच अडखळत असेल तर कॅमेऱ्याच्या चिन्हावर बोट ठेवून तुमच्याकडचं चित्र बंद करा, आवाज चालू राहतो. फक्त कॉल चालू असताना फोटो काढायला किंवा कुणाचा व्हिडिओ उघडायला जाऊ नका.

कॉलनंतर एक खात्री करा: इशारा खरा आहे का? खरा इशारा फोनच्या सिस्टिमकडून येतो आणि त्यावर बोट ठेवलं की सेटिंगमधलं स्टोरेजचं पान उघडतं. “तुमचा फोन 98 टक्के भरला, लगेच साफ करा” असं लाल अक्षरात ओरडणारी, क्रोमच्या नावाने आलेली सूचना ही जाहिरात असते. तिच्यावर बोट ठेवायचं नाही. तिने सुचवलेलं ‘क्लीनर’ ॲपही घ्यायचं नाही, ते स्वतःच जागा खातं आणि वर जाहिराती दाखवतं.

आधी हिशेब मांडा

‘Settings’ उघडून ‘Storage’ वर जा. काही फोनांत हे पान आणखी एका घरात आत असतं. सापडत नसेल तर सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत `storage` टाइप करा.

आप्पांनी वही काढली. तीस वर्षं वेबिल लिहिलेला माणूस, कोणत्या थांब्यावर किती चढले ते कागदावर आल्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही. 32 जीबीतले 12 फोनच्या स्वतःच्या यंत्रणेचे, 7 ॲपचे, 9.2 व्हॉट्सॲपच्या फोटो-व्हिडिओंचे, 2.2 कॅमेऱ्याने काढलेल्यांचे, 1.2 इतर. शिल्लक 0.4. यंत्रणेच्या 12 जीबींना कुणी हात लावू शकत नाही, ती ड्रायव्हरची सीट आहे. नातवाचे सगळे फोटो मिळून 2.2 मध्येच होते. गर्दी होती ती व्हॉट्सॲपमध्ये.

पुसलेलं खरंच गेलंय का, ते बघा

वही बंद करताना आप्पा हळूच म्हणाले, “परवापण आली होती ही पट्टी. तेव्हा मी पोराचे फोटो काढून टाकले. तरी जागा झाली नाही.”

किती काढले? त्रेचाळीस. मे महिन्यात नातू इथे आला होता तेव्हाचे, विहिरीवरचे, बैलाच्या पाठीवरचे. फोनमध्ये काय काय असतं ते ठाऊक नसल्यामुळे जे डोळ्यांसमोर होतं तेच त्यांनी पुसलं होतं.

हे फोटो सापडले, आणि जागा का झाली नव्हती तेही त्यातूनच कळलं. गॅलरीतून किंवा गुगल फोटोजमधून पुसलेला फोटो आधी ‘Trash’ किंवा ‘Bin’ नावाच्या टोपलीत जातो. गुगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेला फोटो टोपलीत 60 दिवस राहतो, बॅकअप न घेतलेला 30 दिवस. फोनवरचा फोटो टोपलीत असेपर्यंत जागाही अडवून बसतो.

म्हणून क्रम असा ठेवा: टोपली उघडा, हवे ते फोटो निवडून ‘Restore’ करा, ते गॅलरीत परत आले हे डोळ्यांनी बघा, आणि मगच उरलेली टोपली रिकामी करा. आप्पांचे त्रेचाळीसच्या त्रेचाळीस परत आले. उरलेला ऐवज म्हणजे खिशात चुकून सुरू झालेले रेकॉर्डिंग: अंधार, कापडाची खसखस आणि मधूनच आप्पांचं खोकणं. अर्धा जीबी.

गुगल फोटोजबद्दल एक सावधगिरी. तिथे साधं ‘Delete’ केलं तर बॅकअपमधली प्रतही जाते. बॅकअप पूर्ण झाला असेल आणि फक्त फोनवरची जागा हवी असेल, तर ‘Free up space’ हा वेगळा पर्याय आहे. तो फोनवरची प्रत काढतो, खात्यातली ठेवतो. आप्पांच्या फोनवर बॅकअप सुरूच नव्हता, म्हणून आम्ही तिकडे गेलो नाही.

व्हॉट्सॲपची झाडलोट

व्हॉट्सॲप उघडा, वर उजवीकडचे तीन ठिपके, ‘Settings’, मग ‘Storage and data’, मग ‘Manage storage’. हे पान बहुतेकांनी कधी बघितलेलं नसतं. इथे वरच दोन कप्पे दिसतात: ‘Forwarded many times’ आणि ‘Larger than 5 MB’. खाली एकेका व्यक्तीचं आणि ग्रुपचं नाव, आणि त्याने किती जागा घेतली ते.

पहिल्या कप्प्यापासून सुरू करा, कारण त्यात घरचं असं क्वचितच काही असतं. सूर्योदय, गुलाब, सुविचार, गुडघेदुखीवर मेथीचे दाणे. आप्पांनी तरीही एकेक बघायचा आग्रह धरला. पंधरा मिनिटांनी त्यांनीच ‘Select all’ वर बोट ठेवलं. 2.3 जीबी.

दुसऱ्या कप्प्यात मात्र घाई नको. मोठे व्हिडिओ तिथे असतात, आणि त्यांत नातवाचा शाळेतला नाचही असतो. चित्रावर दाबून धरा, निवड होते; नको ती निवडा आणि कचरापेटीचं चिन्ह दाबा. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: व्हॉट्सॲपमधून काढलेल्याला गॅलरीसारखी टोपली नसते. गेलं की गेलं. जे हवंय ते शंका असेल तर राहू द्या. आम्ही मुलाचं आणि सुनेचं चॅट उघडलंच नाही, फक्त ग्रुप झाडले. आणखी 3.2 जीबी निघाले.

कधी एखादा मोठा व्हिडिओ काढूनही आकडा हलत नाही. तोच व्हिडिओ दोन-तीन ग्रुपवर आलेला असतो, आणि सगळ्या प्रती काढल्याशिवाय जागा सुटत नाही.

आप्पांचं बोट इथे एकदा अडलं. “सदाभाऊंना कळंल का, त्यांचा व्हिडिओ मी काढला ते?” नाही कळत. तुमच्या फोनवरचं तुमच्यापुरतंच जातं, पाठवणाऱ्याकडे आणि ग्रुपमधल्या इतरांकडे आहे तसंच राहतं. हे ऐकल्यावर त्यांचा वेग दुप्पट झाला.

नळ बंद करा

इथे थांबलात तर दोन महिन्यांत पुन्हा तीच पट्टी. त्याच ‘Storage and data’ पानावर खाली ‘Media auto-download’ आहे. त्यात तीन ओळी: मोबाइल डेटा, वायफाय आणि रोमिंग. वायफायच्या ओळीत सहसा सगळ्यावर खूण असते. तीनही ओळी उघडून फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंट या चारही खुणा काढा आणि ‘OK’ दाबा.

यानंतर आलेले फोटो धूसर दिसतील, त्यावर खाली जाणारा बाण असेल. हवा असेल त्यावर बोट ठेवलं की तो उतरतो. नातवाचे बोललेले निरोप, म्हणजे मायक्रोफोन दाबून पाठवलेले व्हॉइस मेसेज, पूर्वीसारखेच आपोआप येत राहतात. तोटा एकच: धूसर फोटो बरेच दिवस न उघडता ठेवला तर तो नंतर उतरेलच असं नाही, मग पुन्हा पाठवायला सांगावं लागतं. घरच्यांचे फोटो आले त्याच दिवशी उघडा.

‘Chats’ मधलं ‘Media visibility’ बंद केलं की काम झालं असं मला दोघांनी सांगितलं होतं. त्याने फोटो गॅलरीत दिसत नाहीत इतकंच. जागा तेवढीच जाते.

एक बटण, ज्याच्याजवळ जायचं नाही

फोनच्या सेटिंगमध्ये ॲपच्या यादीत व्हॉट्सॲप उघडलं की ‘Clear cache’ आणि ‘Clear storage’ (काही फोनांत ‘Clear data’) शेजारी शेजारी दिसतात. पहिलं निरुपद्रवी आहे, तात्पुरत्या फायली काढतं. दुसऱ्याने व्हॉट्सॲप नव्या फोनसारखं कोरं होतं, नंबर टाकून पुन्हा सुरू करावं लागतं, आणि बॅकअप नसेल तर जुनं बोलणं परत येण्याची खात्री नाही. व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाकण्याचा सल्लाही याच कारणासाठी ऐकू नका. मी आप्पांच्या वहीत या बटणाचं नाव लिहून त्यावर फुली मारली.

अखेरची शिल्लक आली 6.4 जीबी. आप्पांनी खाली तारीख घातली, सही केली आणि पुढच्या ओळीत लिहिलं: “दर महिन्याच्या 1 तारखेला बघणे.”

पुढच्या रविवारी कॉल झाल्यावर सुनेने एक व्हिडिओ पाठवला. धूसर चौकोन, मधे बाण, खाली 14 एमबी. आप्पांनी आधी वही उघडून शिल्लक बघितली, मग बाणावर बोट ठेवलं. नातवाचा दुसरा दात हलत होता.