दहा संगणक, चाळीस विद्यार्थी: स्वातंत्र्य, समता आणि न्याय वेगळे कसे ओळखायचे

राज्यशास्त्राच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य हमखास सापडतं: ‘सर्वांना समान वागणूक मिळाली म्हणजे न्याय झाला.’ वाचायला बरं वाटतं, पण गुण इथेच जातात. तिन्ही संकल्पना चांगल्या आहेत म्हणून त्या एकच ठरत नाहीत. त्या तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत आणि हे प्रश्न एकाच प्रसंगाला लावून पाहिले की फरक दिसतो.

प्रसंग असा. शाळेच्या संगणक कक्षात 10 संगणक आहेत, वर्गात 40 विद्यार्थी आहेत आणि शाळा सुटल्यावर कक्ष 2 तास उघडा असतो. म्हणजे वाटायला एकूण 1200 मिनिटं आहेत. प्रत्येकाला एक प्रकल्प करायचा आहे आणि त्याला साधारण 60 मिनिटं लागतात. 8 जणांच्या घरी संगणक नाही, बाकी 32 जणांच्या घरी आहे.

पहिला नियम: जो आधी येईल तो बसेल, वाटेल तितका वेळ. इथे स्वातंत्र्याचा प्रश्न विचारायचा: कोणाला, कशाचा अडथळा आहे, आणि काय करण्यापासून? ही तीन पदं जेराल्ड मॅक्कलम यांनी 1967 मध्ये मांडली. तिन्ही जागा भरता आल्या नाहीत तर ‘स्वातंत्र्य’ हा शब्द उत्तरात नुसता शोभेला उरतो. या नियमात कोणी कोणाला अडवत नाही, म्हणून आयझाया बर्लिन यांनी 1958 च्या व्याख्यानात ज्याला नकारात्मक स्वातंत्र्य म्हटलं, ते सर्वांना आहे. एखाद्याला टंकलेखन येत नसेल तर ती असमर्थता झाली. त्याच्यासाठी दार बंद केलं तर ते स्वातंत्र्यावरचं बंधन. दोन्हींचा परिणाम सारखाच, प्रकल्प अपुरा राहतो, आणि नेमका म्हणूनच गोंधळ होतो. (असमर्थता हीसुद्धा स्वातंत्र्याची उणीवच आहे, असं मानणारे विचारवंत आहेत. तशी बाजू घ्यायची असेल तर तसं स्पष्ट लिहावं, नकळत तिकडे घसरू नये.)

दुसरा नियम: प्रत्येकाला 30 मिनिटं. 1200 भागिले 40, हिशोब चोख. पण समतेचा प्रश्न ‘समान आहे का?’ एवढ्यावर संपत नाही, ‘कशाची समता?’ हे विचारावं लागतं. अमर्त्य सेन यांचं 1979 चं व्याख्यान याच प्रश्नावर होतं. इथे कक्षातला वेळ समान झाला, प्रकल्प पूर्ण करण्याची संधी मात्र झाली नाही. 32 जण उरलेलं काम घरी करतील. 8 जणांचं काम अर्ध्यावर थांबेल. एका गोष्टीत समता आणली की दुसऱ्या गोष्टीत विषमता राहू शकते, म्हणून उत्तरात ‘समता’ लिहिताना ती कशाची, हे त्याच वाक्यात यायला हवं.

समता आणि स्वातंत्र्य वेगळे आहेत का, हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. कक्षाला कुलूप लावा. सगळे सारखेच बाहेर राहिले, समता पूर्ण झाली, आणि कक्ष वापरण्याचं स्वातंत्र्य कोणालाच उरलं नाही.

तिसरा नियम: ज्या 8 जणांकडे घरी संगणक नाही त्यांना 60 मिनिटं. त्यात 480 मिनिटं जातात आणि उरलेली 720 मिनिटं 32 जणांत वाटली की प्रत्येकाला साडेबावीस मिळतात. वाटणी असमान आहे. ती अन्याय्य आहे का? न्यायाचा प्रश्न असा: कोणाला काय मिळायला हवं, आणि कोणत्या आधारावर? आधार गरज असेल, तर तिसरा नियम टिकतो. आधार गुणवत्ता किंवा मेहनत असेल, तर वेगळीच यादी निघेल. ‘हे न्याय्य आहे’ असं लिहून थांबणारं उत्तर म्हणूनच अपुरं: आधार सांगितलेला नसतो.

साडेबावीस मिनिटं मिळालेला विद्यार्थी तक्रार करेल आणि ती फेटाळून चालणार नाही. इथे जॉन रॉल्स यांचा 1971 मधला ‘अज्ञानाचा पडदा’ उपयोगी पडतो. आपल्या घरी संगणक आहे की नाही हेच माहीत नसेल, तर तिन्हींपैकी कोणता नियम निवडाल? दुसऱ्या नियमात आपण त्या 8 जणांत निघालो तर प्रकल्प बुडतो. तिसऱ्यात वाईटात वाईट म्हणजे साडेसात मिनिटं कमी मिळतात आणि काम घरी पुरं होतं. मात्र रॉल्स यांनी ही कल्पना समाजाच्या मूलभूत रचनेसाठी मांडली होती, संगणक कक्षाच्या वेळापत्रकासाठी नाही. उत्तरात ती वापरताना ‘रॉल्स यांच्या पद्धतीने विचार केल्यास’ असं लिहावं. ‘रॉल्स म्हणतात की त्या 8 जणांना 60 मिनिटं द्यावीत’ असं लिहिणं चूक.