साडेचौदा वर्षं म्हणजे पंधरा की चौदा? राजीनाम्याची तारीख टाकण्याआधी हा हिशेब करा

‘सहा महिने झाले की पूर्ण वर्ष धरतात’ हे वाक्य प्रत्येक कारखान्यात, प्रत्येक ऑफिसात ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. हा लेख खासगी नोकरीतल्या ग्रॅच्युइटीसाठी आणि पीएफच्या पेन्शनसाठी आहे. केंद्र सरकारी नोकरांनी यातलं काही वापरू नये. त्यांच्याकडे सेवा सहामाहीत मोजतात आणि उरलेले तीन महिने किंवा जास्त भरले की अर्धं वर्ष धरतात.

आधी नियुक्तीपत्रावरची रुजू तारीख, शेवटचा कामाचा दिवस आणि शेवटचं बेसिक अधिक महागाई भत्ता कागदावर लिहून घ्या.

मग सेवा मोजा. नवखे इथेच चुकतात, मीही चुकलो होतो. शेवटच्या तारखेतून पहिली तारीख वजा केली की एक दिवस कमी भरतो, कारण शेवटचा दिवससुद्धा नोकरीचाच असतो. म्हणून शेवटच्या दिवसाच्या पुढची तारीख घ्यायची आणि त्यातून रुजू तारीख वजा करायची. समजा रुजू १ जुलै २००९ आणि शेवटचा दिवस ३१ डिसेंबर २०२३. १ जानेवारी २०२४ मधून १ जुलै २००९ गेली की उरतात नेमकी १४ वर्षं ६ महिने.

आता खरी गोम. ग्रॅच्युइटीच्या कायद्यात शब्द आहेत ‘सहा महिन्यांपेक्षा जास्त’. पीएफच्या पेन्शन योजनेत, म्हणजे ईपीएस १९९५ मध्ये, शब्द आहेत ‘सहा महिने किंवा जास्त’. त्यामुळे वरच्या माणसाची सेवा पेन्शनला १५ वर्षं आणि ग्रॅच्युइटीला १४ वर्षं धरली जाते. माणूस एकच, तारखाही त्याच. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ग्रॅच्युइटीसाठी ‘सहा महिन्यांपेक्षा जास्त’ हेच शब्द आहेत.

आस्थापना विभागात नवा असताना एका सहकाऱ्याला मी छातीठोकपणे सांगितलं होतं, ‘सहा महिने भरतायत, टाका राजीनामा.’ बरोबर सहा महिन्यांवर तो मोकळा झाला आणि त्याचे पंधरा दिवसांचे पैसे गेले. एक दिवस थांबला असता तर मिळाले असते. मासिक पगार २६ ने भागून, १५ ने गुणून, मग वर्षांनी गुणायचं असतं. बेसिक अधिक भत्ता २६,००० असेल तर एका वर्षाचे १५,००० होतात. चौदा वर्षांचे २,१०,००० आणि पंधराचे २,२५,०००. तेव्हापासून माझा सल्ला एकच: सहा महिन्यांच्या काठावर असाल तर शेवटचा दिवस आठवडाभर पुढे ढकला आणि रिलीव्हिंग लेटरवर तीच तारीख आहे ना, ते बघूनच सही करा.

दुसरा गैरसमज याहून महाग पडतो. साडेचार वर्षं झाली म्हणजे पाच धरून ग्रॅच्युइटी मिळेल, असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. हक्क आधी बसावा लागतो, नेहमीच्या कायम नोकरीत त्याला सलग पाच वर्षं लागतात (मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर ही अट नाही). अर्धवट वर्ष वर ढकलणं त्यानंतर, रक्कम काढताना. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तर हक्क बसतो, असं मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलंय. पण तो सलग सेवेचा मुद्दा आहे, सहा महिन्यांचा नाही. शिवाय मालक तो सहजासहजी मान्य करत नाहीत.

पेन्शनला मात्र साडेनऊ वर्षांची दहा धरतात आणि ५८ व्या वर्षी मासिक पेन्शनचा हक्क बसतो. पण दोन गोष्टी बघा. एक, जुन्या-नव्या नोकऱ्यांची सेवा आधी जोडायची, मगच वर्ष वर ढकलायचं. ४ वर्षं ८ महिने आणि ४ वर्षं ९ महिने मिळून ९ वर्षं ५ महिने होतात, म्हणजे नऊच. दोन्हींची वेगवेगळी पाच-पाच करून दहा करता येत नाहीत. दोन, विनावेतन रजेचे दिवस यातून वजा होतात. तारखांवरून साडेनऊ भरली आणि मध्ये वीस दिवस बिनपगारी गेले, तर तुम्ही नऊवर आलात. मग पेन्शनऐवजी फक्त एकरकमी परतावा मिळतो. म्हणून राजीनाम्याआधी पीएफच्या पोर्टलवर आपला सेवा तपशील उघडून ते दिवस मोजा.

पेन्शनची रक्कम काढणं सोपं: पेन्शनपात्र पगार गुणिले वर्षं, भागिले ७०. पगार १५,००० धरला तर चौदा वर्षांना महिना ३,००० आणि पंधरांना सुमारे ३,२१४.

ग्रॅच्युइटीचा अर्ज नोकरी सुटल्यापासून तीस दिवसांत द्या, त्याच्या प्रतीवर पोच घ्या आणि हिशेबाचा तो कागद अर्जाला जोडा.