अंकांची बेरीज बरोबर आली, उत्तर तरी चुकलं: लूपनंतर `n` मध्ये काय उरतं?

डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला मला आलेला प्रश्न साधा होता. दिलेली संख्या तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते का, ते सांगणारा प्रोग्रॅम लिहायचा होता. अशा संख्यांना हर्षद संख्या म्हणतात. हे नाव देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी दिलं. हर्षद म्हणजे आनंद देणारी. मला त्या दिवशी तरी तिने आनंद दिला नाही.

पायथॉनमध्ये `%` ने बाकी आणि `//` ने पूर्ण भागाकार मिळतो, हे तुम्हाला माहीत आहे असं धरते. मी लिहिलेला कोड हा:

```python
n = int(input())
s = 0
while n > 0:
    r = n % 10
    s = s + r
    n = n // 10
if n % s == 0:
    print("हो")
else:
    print("नाही")
```

वहीतली उदाहरणं टाकून बघितली. १२ ला "हो", १८ ला "हो", १३२ लाही "हो". तिन्ही बरोबर होती, म्हणून मी हात वर केला. बाहेरून आलेले परीक्षक शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "१३ टाक बघू." १ आणि ३ ची बेरीज ४, आणि १३ ला ४ ने भागलं तर बाकी १ उरते. उत्तर "नाही" यायला हवं होतं. स्क्रीनवर आलं "हो". मग १४ टाकला, ४७२ टाकला, दोन्ही वेळा "हो". ते काही बोलले नाहीत, कागदावर काहीतरी लिहून पुढच्या टेबलाकडे गेले. उरलेली वीस मिनिटं मी बेरजेचा लूप तपासत बसले. लूपमध्ये चूक नव्हतीच.

ही चूक स्क्रीनकडे बघून सापडत नाही, म्हणून आता कागद घ्या. ४७२ घेऊन ड्राय रन करू. लूपच्या प्रत्येक फेरीला एक ओळ, आणि प्रत्येक व्हेरिएबलला एक रकाना:

```
फेरी   n (आधी)   r   s    n (नंतर)
1      472       2   2    47
2      47        7   9    4
3      4         4   13   0
```

पहिली ओळ नीट वाचा. ४७२ म्हणजे ४७ दहा आणि वर २ सुटे. दहाने भागल्यावर सुटे उरतात ते बाकीत, म्हणून `472 % 10` चं उत्तर 2. दहाचे गठ्ठे किती झाले ते भागाकारात, म्हणून `472 // 10` चं उत्तर 47. शेवटचा अंक आधी काढून घ्यायचा आणि मगच संख्या छाटायची. `n = n // 10` ही ओळ चुकून `r` च्या वर गेली, तर २ कधी हाती लागतच नाही आणि बेरीज ११ येते. तिसऱ्या फेरीत `4 // 10` चं उत्तर 0 येतं, `n > 0` खोटं ठरतं आणि लूप थांबतो. `s` मध्ये १३. इथपर्यंत सगळं बरोबर आहे.

आता तक्त्यातला शेवटचा रकाना परत बघा. तिसऱ्या फेरीनंतर `n` काय आहे? 0. लूप थांबला तोच मुळी `n` शून्य झाला म्हणून. म्हणजे खालच्या `if` पाशी पोचेपर्यंत ४७२ कुठेच शिल्लक नाही. मी डोक्यात `472 % 13` वाचत होते, कॉम्प्युटर `0 % 13` काढत होता. शून्याला कोणत्याही धन संख्येने भागलं तरी बाकी शून्यच, त्यामुळे अट नेहमीच खरी. मी काहीही टाकलं असतं तरी "हो"च आलं असतं. १२, १८ आणि १३२ ही बरोबर उत्तरंसुद्धा प्रोग्रॅमने शोधलेली नव्हती. त्या संख्या मुळात हर्षद होत्या, एवढंच.

मला अजूनही सलतं ते हेच. प्रोग्रॅम अडला नाही, एरर दिला नाही, तीन वेळा बरोबर उत्तर दिलं. त्यामुळे नुसतं "हो" येणारी उदाहरणं टाकून समाधान मानू नका. ज्याचं उत्तर "नाही" आहे हे तुम्ही हाताने काढलंय, अशी एक तरी संख्या टाका. शंका आली तर `if` च्या वर `print(n, s)` लिहा. `0 13` दिसलं की चोर सापडला.

उपाय एका ओळीचा आहे. लूपच्या आधी मूळ संख्या बाजूला ठेवायची आणि शेवटी तीच वापरायची:

```python
n = int(input())
m = n
# ...लूप तसाच...
if m % s == 0:
```

आता `472 % 13`. तेरा छत्तीस ४६८, बाकी ४, उत्तर "नाही". तक्त्यात `m` चा रकाना वाढवलात तर तिथे तिन्ही ओळींत 472 दिसेल. फक्त शून्य टाकलं तर लूप एकदाही फिरत नाही, `s` शून्यच राहतो आणि शून्याने भागायची वेळ येऊन प्रोग्रॅम बंद पडतो. म्हणून इनपुट १ पासून पुढचं आहे ना, हे आधी तपासा.

अंकांच्या बेरजेच्या प्रोग्रॅमबद्दल आमच्या एका सीनियरने मला सांगितलं होतं, "हे सात ओळींचं पाठ करून टाक, दरवर्षी येतं." मी पाठ केलं होतं. सात ओळी मला आजही पाठ आहेत, पण प्रश्नात एक पायरी वाढली तेव्हा त्या उपयोगी पडल्या नाहीत. ज्या लॅबच्या मॅडमनी नंतर माझ्याकडून हा तक्ता भरून घेतला, त्यांनी उत्तर सांगितलंच नाही. "शेवटच्या ओळीत `n` किती?" एवढंच विचारून त्या थांबल्या. शिकवणारं माणूस असं थांबणारं असावं. `sum(int(d) for d in str(n))` हा शॉर्टकटही चांगला आहे, त्यात `n` ला धक्काही लागत नाही. पण पहिले दोन महिने तो वापरू नका असं माझं ठाम मत आहे, कारण त्यात बाकी आणि भागाकार हाताखालून जातच नाहीत.

`//` ऐवजी एकच `/` पडली तर घाबरू नका, `s` छापून बघितला की ती चूक स्वतःच ओरडून सांगते. पायथॉनमध्ये `472 / 10` चं उत्तर 47.2 येतं, पुढे 4.72, मग 0.472. लूप तीनशेहून जास्त फेऱ्या मारतो आणि बेरीज १३ ऐवजी १४.४४ च्या आसपास येते. अंकांच्या बेरजेत दशांश चिन्ह दिसलं की सरळ भागाकाराच्या ओळीकडे जा.

पुढे फंक्शन शिकाल तेव्हा ही बेरीज तिथे हलवा. `digit_sum(n)` च्या आत `n` शून्य झाला तरी बाहेरचा `n` तसाच राहतो, मग `m` ची गरज उरत नाही. तोवर ४०५ घेऊन एक तक्ता स्वतः भरा. दुसऱ्या फेरीत `r` शून्य येईल, पण लूप थांबणार नाही, कारण अट `n` वर आहे, `r` वर नाही. तीन फेऱ्या, बेरीज ९, `405 % 9` शून्य. ही हर्षद आहे. मग ४०६ चा तक्ता भरा. तिथे बेरीज १० येते आणि बाकी ६.