स्वल्पविरामावर तुटलेल्या मेसेजला छोटं, अदबशीर उत्तर कसं लिहावं

शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला खरेदी विभागातल्या मॅडमचा मला व्हॉट्सॲपवर मेसेज आला: "नाशिकच्या पार्टीचं बिल तपासलं, दोन नग कमी आलेत, तरी," आणि पुढे काहीच नाही. पार्टी म्हणजे माल पुरवणारा व्यापारी. त्याचं पेमेंट माझ्या हातात होतं, फक्त सोडायचं बाकी होतं.

मराठीत क्रियापद बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतं. त्यामुळे मेसेज स्वल्पविरामावर तुटला की नेमकं काय करायचं तेच गळून पडतं. इथे तर "तरी" होतं. बोलण्यात "तरी" म्हणजे असं असूनही: दोन नग कमी आलेत, तरी पेमेंट सोडा. अर्जात आणि कार्यालयीन पत्रात मात्र "तरी" म्हणजे म्हणून: दोन नग कमी आलेत, तरी पेमेंट थांबवावे. मॅडम दोन्ही प्रकारे लिहितात. म्हणजे एकाच अर्ध्या वाक्यातून सरळ उलटे दोन आदेश निघत होते. असा मेसेज आला की मी काय करते, ते क्रमाने सांगते.

१. मेसेज खरंच तुटलाय का, ते पाहा

नोटिफिकेशनमध्ये मेसेजचा सुरुवातीचा भागच दिसतो, म्हणून आधी चॅट उघडा. लांब मेसेजच्या खाली Read more असेल तर त्यावर टिचकी मारा. वर typing… दिसत असेल तर समोरची व्यक्ती अजून लिहितेय, थांबा. ईमेल असेल तर अगदी तळापर्यंत जाऊन पाहा. पुष्कळदा उरलेला भाग सहीच्या किंवा जुन्या मजकुराच्या खाली गेलेला सापडतो.

२. पाच मिनिटं द्या

कंप्युटरवर व्हॉट्सॲपमध्ये किंवा टीम्समध्ये एंटर दाबलं की मेसेज जातो. नवी ओळ हवी असेल तर शिफ्ट धरून एंटर दाबावं लागतं. ईमेलची सवय असलेली माणसं "नमस्कार दादा," लिहून पुढच्या ओळीवर जायला एंटर मारतात आणि तेवढाच मेसेज निघून जातो. स्वल्पविराम संबोधनानंतरचा असेल तर जवळजवळ नेहमी हेच झालेलं असतं. उरलेलं एक-दोन मिनिटांत आपोआप येतं. नाहीच आलं तर "नमस्कार, बोला ना" एवढंच पुरे. तिथे मेसेज तुटल्याचा उल्लेखही करू नका.

वाक्याच्या मध्ये तुटलेला मेसेज वेगळा. कोणीतरी टेबलाशी येतं, फोन वाजतो, गडबडीत बोट पाठवायच्या बटणावर पडतं. लिहिणाऱ्याला वाटत असतं की मेसेज पूर्ण गेलाय, किंवा तो विसरूनही जातो. पाच मिनिटांत काही आलं नाही तर आपणच विचारायचं. पैसे, गाडी, माल असं अडलेलं असेल तर तेवढंही थांबू नका.

विचारण्याआधी तोच मेसेज पुन्हा एकदा उघडून बघा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो. समोरच्याने जुन्या मेसेजमध्येच पुढचं लिहिलेलं असू शकतं, आणि त्याचा वेगळा आवाज फोनवर वाजत नाही.

३. कुठपर्यंत पोचलं ते शब्दांनिशी सांगा

उत्तराचा जीव या ओळीत आहे. "तुमचा मेसेज अर्धवट आहे" असं लिहिलं की समोरच्याच्या कामात खोट काढल्यासारखं होतं, शिवाय कुठे तुटला ते कळत नाही. त्यापेक्षा शेवटचे चार-पाच शब्द जसेच्या तसे अवतरणात घ्या आणि "इथपर्यंतच मला दिसतोय" असं म्हणा. चूक कोणाची हा प्रश्नच राहत नाही, आणि मॅडमना आपला मेसेज शोधत वर जावं लागत नाही. व्हॉट्सॲपवर त्या मेसेजलाच रिप्लाय केला तरी शेवटचे शब्द लिहाच. लांब मेसेज रिप्लायच्या चौकटीत पूर्ण दिसत नाही आणि नेमकं तुटलेलं टोक झाकलं जातं.

४. एकच प्रश्न, प्रश्नाच्याच रूपात

"पुढचं पाठवता का?" एवढंच. मॅडम, सर, वयाने मोठे दादा-ताई यांना "पाठवता का" किंवा "पाठवाल का". बरोबरीच्या मैत्रिणीला "पाठवतेस का". ईमेलमध्ये "उर्वरित मजकूर पाठवावा, ही विनंती" शोभतं, पण चॅटवर ते एकदम परकं वाटतं.

"तरी काय?" असं मात्र कधीच लिहू नका. तोंडाने हसत विचारलं तर चालून जातं, लिहिलेलं वाचताना ते दरडावल्यासारखं लागतं. नुसतं प्रश्नचिन्हही तसंच. आणि अंगठा तर त्याहून वाईट, कारण समोरचा तो "समजलं, करते" असाच वाचतो. माफी मागायचीही गरज नाही. "त्रास देतेय, सॉरी" लिहिलं की मॅडमना उलट आपलीच चूक झाल्यासारखं वाटतं.

उरलेलं वाक्य आपण पूर्ण करून "म्हणजे थांबवायचं ना?" असं विचारायचा मोह होतो. घाईत असलेलं माणूस नीट न वाचता "हो" म्हणून मोकळं होतं, आणि तो हो आपल्या अंदाजाला मिळालेला असतो. विचारायचंच असेल तर दोन्ही शक्यता मांडा: "सोडायचं की थांबवायचं?"

५. तोपर्यंत काम कुठे ठेवलंय ते सांगा

शेवटच्या ओळीत आपण काय करून ठेवलंय आणि कधीपर्यंत जागेवर आहोत ते लिहा. त्यावरून समोरच्याला किती घाई करायची ते कळतं. मी पाठवलेलं उत्तर असं होतं:

"मॅडम, नाशिकच्या बिलाचा मेसेज 'दोन नग कमी आलेत, तरी,' इथपर्यंतच मला दिसतोय. पुढचं पाठवता का? तोपर्यंत पेमेंट धरून ठेवलंय, मी साडेसहापर्यंत जागेवर आहे."

धरून ठेवलं, कारण थांबवलेलं पेमेंट नंतर सोडता येतं, सोडलेलं परत आणताना पार्टीच्या मागे लागावं लागतं. उत्तर येईपर्यंत जे मागे घेता येईल, तेच करावं.

मेसेज ग्रुपवर आला असेल आणि काम आपलं असेल तर ग्रुपवरच, पण एकाच माणसाने विचारावं. आधी कोणी विचारलंय का ते पाहा. चौघांनी एकामागून एक "पुढे काय?" विचारलं की बिचाऱ्या लिहिणाऱ्याची फजिती होते. मेसेज नुसता माहितीचा असेल तर वैयक्तिक विचारलेलं बरं.

ठरवलेली वेळ जवळ आली आणि उत्तर नाही, तर दुसरा मेसेज न लिहिता फोन करा.

६. उरलेलं आलं की क्रियापदासकट पोच द्या

सव्वासहाला मॅडमचा मेसेज आला: "अगं सॉरी, गेटवरून फोन आला होता. तरी पेमेंट थांबव, डेबिट नोट सोमवारी देते." डेबिट नोट म्हणजे कमी आलेल्या नगांची रक्कम बिलातून वजा करायचा कागद. मी नुसतं "ओके" न लिहिता उत्तर पाठवलं: "हो मॅडम, नाशिकचं पेमेंट थांबवलंय. डेबिट नोट आली की बाकीचं सोडते."