बॉयलर पेटवण्याआधी हार्टची तयारी

दसरा झाला की चिकोडी, निपाणी, अथणीकडच्या कारखान्यात बॉयलर अग्निप्रदीपनाची गडबड सुरू होते, आणि त्याच आठवड्यात सगळ्यांना आठवतं की ट्रान्समीटर तपासायचे राहिलेत. म्हणून हे आधीच लिहून ठेवतोय, हार्टवरून ट्रान्समीटरशी बोलणारा हँडहेल्ड कम्युनिकेटर घेऊन फील्डला जायच्या आधी काय काय बघायचं ते.

कम्युनिकेटर चार्ज करा, त्यात आपल्या ट्रान्समीटरची डीडी फाइल आहे का बघा, नाहीतर डिव्हाइस दिसतं पण अर्धे मेनू उघडतच नाहीत. सोबत मल्टीमीटर, आणि खिशात 250 आणि 150 ओहमचे दोन-चार अर्ध्या वॅटचे रेझिस्टर. हे रेझिस्टर कशाला ते सांगतो, कारण सगळा घोळ तिथंच होतो.

हार्ट म्हणजे आपल्या 4 ते 20 मिलीअँपवरच चढवलेला बारीक सूर, 1200 हर्ट्झ म्हणजे 1 आणि 2200 हर्ट्झ म्हणजे 0, वरखाली फक्त अर्धा अर्धा मिलीअँप. सरासरी शून्य, म्हणून पॅनेलवरच्या रीडिंगला धक्का लागत नाही. पण हा सूर ऐकू यायला लूपमध्ये रेझिस्टन्स लागतो, कमीत कमी 230 ओहम, आपण 250 धरतो. मागच्या ऑफ सीझनला आमच्याकडं ड्रम लेव्हलच्या लूपचं जुनं इनपुट कार्ड काढून नवीन बसवलं. लेव्हल पॅनेलवर व्यवस्थित यायची, पण कम्युनिकेटर लावला की डिव्हाइस सापडायचंच नाही. आमचा मिस्त्री म्हणाला, "सर, ट्रान्समीटर गेलाय बघा, नवा मागवूया." मी म्हटलं थांब जरा. करंट 12 मिलीअँप असताना कार्डच्या टर्मिनलवर व्होल्ट मोजले तर 1.2, म्हणजे कार्ड फक्त 100 ओहमचं! ट्रान्समीटरचा वरखाली मिळून 1 मिलीअँपचा सूर 100 ओहमवर 100 मिलीव्होल्टच होतो, आणि रिसीव्हरला खात्रीनं ऐकायला 120 तरी लागतात. पॅनेलमध्ये कार्डच्या सिरीजला 150 ओहम टाकला आणि लगेच टॅग दिसला. नवा ट्रान्समीटर मागवला असता तर पैसे पाण्यात.

पण रेझिस्टर घालायच्या आधी हिशोब करा, उगाच मोठा घालू नका. लूप जास्तीत जास्त 22 मिलीअँपला धरायचा, 250 आणि केबलचे 10 ओहम मिळून 260, म्हणजे साधारण 5.7 व्होल्ट तिथं जातात, 24 मधून ट्रान्समीटरला 18.3 उरतात, भरपूर झाले. 600 ओहम केला असता तर 13.2 गेले असते, उरलेल्या 10.8 वर काही ट्रान्समीटर चालतात, काही रुसून बसतात.

क्लिप लावायच्या ट्रान्समीटरच्या टर्मिनलवर किंवा रेझिस्टरच्या दोन टोकांवर, प्लस-मायनस उलटं झालं तरी चालतं. फक्त पॉवर सप्लायच्या टोकांवर नको, तिथं सूर सरळ गिळला जातो.

दुसऱ्या जागेचा काढून आणलेला ट्रान्समीटर असेल तर पोलिंग अॅड्रेस बघाच. तो 0 नसेल तर जुन्या हार्टमध्ये करंट 4 वर अडकून राहतो, पॅनेलवर टाकी कायम रिकामी दिसते, आणि कम्युनिकेटर फक्त 0 शोधत असेल तर त्यालाही सापडत नाही. 1 ते 15 शोधायला लावा.

आता पावसाळ्याचं. खानापूरकडचा पाऊस माहीतच आहे, पण इकडंही जंक्शन बॉक्समध्ये ओल धरतेच. लूप टेस्टमध्ये ट्रान्समीटरला 12.00 वर फिक्स करा आणि पॅनेलवर बघा. तिथं 12.6 दिसलं तर ट्रान्समीटरला ट्रिम करत बसू नका, ओलीतून जास्तीचा करंट वाहतोय, लेव्हल 50 ऐवजी जवळजवळ 54 टक्के दाखवतेय. बॉक्स उघडा, पुसा, वाळवा, ग्लँड बदला. ड्रममध्ये हे 4 टक्के लहान नसतात.

कुठलीही लूप टेस्ट किंवा रेंज राइट करायच्या आधी कंट्रोल रूमला फोन करून तो लूप मॅन्युअलला टाकून घ्या, ट्रिपला जोडलेला असेल तर तोही बायपास, परवानगी घेऊनच. पलीकडचा ऑपरेटर "आयतु सर" म्हणाला तरी स्क्रीनवर मॅन्युअल दिसतंय का हे त्याच्याकडूनच वाचून घ्या. जुनी रेंज, युनिट, डॅम्पिंग वहीत उतरवा, मग हात लावा, आणि निघताना फिक्स करंट काढलाय ना बघा, नाहीतर लेव्हल दिवसभर 50 टक्क्यांवर शांत बसलेली दिसेल आणि कुणाला काहीच वाटणार नाही.

डिस्टिलरीच्या बाजूला कव्हर उघडायचं असेल तर साधा कम्युनिकेटर नकोच, स्फोटक भागासाठीचा सर्टिफाइड घ्या, तो स्टोअरमधून आदल्या दिवशीच सही करून आणून ठेवा.